काकूंचा फॉर्म, काकांचं अक्षर

त्या दिवशी मी ओपीडीच्या कॉरिडॉरमधून अक्षरशः पळत गेले होते. हातात एक फॉर्म, गळ्यातलं ओळखपत्र उलटं होऊन पाठीवर गेलेलं आणि तोंडाने बेरीज चाललेली. नऊ आणि दोन अकरा, आणखी दोन तेरा, एक चौदा, दोन सोळा. सोळा! आणि अर्ध्या तासापूर्वी त्याच बाईंच्या नावासमोर मी स्वतःच्या हाताने तीन लिहून मोकळी झाले होते.

मी आहारतज्ज्ञ आहे. मूळची निपाणीकडची. घरी मराठी, शाळेत कन्नड, त्यामुळे बंगळुरातल्या कॅन्सरच्या दवाखान्यात मला हातोहात नोकरी मिळाली. माझं काम सांगायला सोपं आहे: किमोसाठी येणाऱ्या माणसांपैकी कोण आतून वाळत चाललंय ते वेळेवर हुडकायचं. करायला मात्र अवघड, कारण वजनकाटा फसवतो, नातेवाईक फसवतात आणि सगळ्यांत जास्त रुग्ण फसवतो. मला विचाराल तर मीही फसवते, घाई असली की.

हे हुडकायला आमच्याकडे एक पद्धत आहे, एसजीए नावाची. तिच्यात आम्ही विचारायचं, वजन किती उतरलं, खाणं किती घटलं, पोटाच्या तक्रारी काय, हिंडणंफिरणं किती उरलं. मग हात लावून बघायचं, चरबी कुठे गेली, स्नायू कुठे झिजले, सूज कुठे आहे. आणि सगळ्याचा मिळून एकच अंदाज द्यायचा: ए म्हणजे ठीक, बी म्हणजे घसरण चालू, सी म्हणजे फार उशीर केलात. कॅन्सरच्या रुग्णांसाठी याच पद्धतीची एक पुढची आवृत्ती आहे, पीजी-एसजीए. तिच्यात वरच्या चार चौकटी रुग्णाने स्वतः भरायच्या आणि खालचा भाग आम्ही. प्रत्येक उत्तराला गुण. परीक्षेच्या बरोबर उलटा कारभार, गुण जितके जास्त तितकी परिस्थिती वाईट. नऊ किंवा वर गेलं की सगळं बाजूला ठेवून ताबडतोब काहीतरी करायचं.

माझ्या वरिष्ठ बाईंनी पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं, "वरचा अर्धा भाग रुग्णाचा आहे. पेन त्याच्या हातात द्यायचं आणि आपण गप्प बसायचं." पेन देणं जमण्यासारखं होतं. गप्प बसणं माझ्या स्वभावात नाही. त्यात बुधवारची गर्दी. सहा महिन्यांत मी अशी पटाईत झाले होते, की ज्याच्या नाकावर चष्मा असेल त्याच्याकडे फॉर्म सरकवायचा, मग तो मुलगा असो, सून असो की नवरा.

त्या बुधवारी चष्मा काकांच्या नाकावर होता.

काका कारखान्यातून रिटायर झालेले. पस्तीस वर्षं माल तपासायच्या खात्यात काढलेली, सगळा संसार इंदिरानगरात झालेला. खिशाला दोन पेनं, कडक इस्त्रीचा शर्ट आणि काखेत एक वही. काकू एकसष्ट वर्षांच्या, हसऱ्या, कमी बोलणाऱ्या. आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालेलं. आता दर तीन आठवड्यांनी एकदा सलाइनमधून औषध आणि मग दोन आठवडे गोळ्या, असा किमो चालू होता. दोन फेऱ्या झाल्या होत्या, तिसरी त्याच दिवशी होती.

"मॅडम, मराठी?" काकांनी माझ्या तोंडून मराठी ऐकलं आणि त्यांचा चेहरा उजळला. "बघ, मी म्हटलं नव्हतं, इथेही कोणी आपलं निघेल. हं, विचारा काय ते. माझ्याकडे सगळं लिहिलेलं आहे."

खरंच होतं. वहीत रकाने आखलेले. सकाळी साडेआठ, भाकरी एक, भाजी वाटीभर. साडेअकरा, ताक एक पेला. दीड, भात, आमटी, कोशिंबीर. मोत्यासारखं अक्षर, एक खाडाखोड नाही. मी तर त्या वहीच्या प्रेमातच पडले. दिवसभर "खातो की थोडंफार" असली उत्तरं ऐकून कान किटलेले असताना हा माणूस मला वाटीचं माप सांगत होता!

"स्वयंपाक कोण करतं, काका?"

"मीच. ऑपरेशनपासून हिला गॅसजवळ फिरकू देत नाही. पहिल्यांदा भाकरी थापली तेव्हा मुलगा व्हिडिओ कॉलवर हसून लोळला. आता बघा." त्यांनी हात पुढे केले. मनगटावर भाजल्याचे दोन जुने, एक ताजा डाग.

मी फॉर्म त्यांच्याकडे सरकवला. हिंदीतला होता, मराठीतला आमच्याकडे नव्हता. काकांनी तो परीक्षेच्या पेपरसारखा भरला. वजन आजचं चोपन्न, महिन्यापूर्वीचं चोपन्न. आमच्याच काट्याची नोंद, तेव्हा शून्य. खाणं नेहमीइतकं, शून्य. तक्रारींच्या चौकटीत फक्त थकवा, एक. हालचाल थोडी कमी पण घरात वावरतात, एक. काकू नुसत्या मान हलवत होत्या. खाली मी कॅन्सरचा एक गुण घातला. ताप नाही, स्टेरॉइड चालू नाही, शून्य. राहिली शारीरिक तपासणी. त्यासाठी पडदा ओढायचा, बाह्या वर करायला सांगायच्या, पाय बघायचे. बाहेर अकरा माणसं खोळंबली होती. मी तिथेही शून्य लिहिलं. हे सांगतानाही माझे कान तापतात.

एकूण तीन. तीनला काय करायचं तर समजावून सांगायचं. मी समजावलं, एक पत्रक दिलं, काकांचं तोंडभर कौतुक केलं आणि पुढचा नंबर पुकारायला तोंड उघडलं.

तेवढ्यात काकू पदर सावरत उठल्या आणि मला त्यांची अंगठी दिसली. सोन्याची साधी अंगठी, पण खालच्या बाजूला पांढरा दोरा गच्च गुंडाळलेला.

"दोरा कशाला काकू?" मी आपलं सहज विचारलं.

"सैल झालीये गं. नळाखाली हात धरला की गळून पडते."

माझी नजर आपोआप खाली गेली, कशाला ते आजही सांगता येणार नाही. पायांत रबरी सपाता आणि बोटांत जोडवी नाहीत. दोन्ही पायांच्या बोटांवर नुसते खोल वळ.

आमच्या घरातल्या बायका जोडवी किती सहजी काढतात ते मला चांगलं माहीत आहे. "आणि जोडवी?"

"रुतायला लागली. गेल्या आठवड्यात साबण लावून काढली. ऑपरेशनलासुद्धा काढली नव्हती मी, नर्सने वरून पट्टी चिकटवली होती." काकू जरा ओशाळल्या.

हाताची अंगठी सैल आणि पायाची जोडवी घट्ट! माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. वरून मांस उतरत होतं आणि खाली पाणी साठत होतं, बिचारा काटा दोन्हींची बेरीज तेवढी दाखवत होता. चोपन्नचे चोपन्न! मला इतकं स्फुरण चढलं की मी काकांच्या हातातून पत्रक परत ओढून घेतलं.

"काका, तुम्ही जरा बाहेर बसा."

"का? मी सगळं सांगतो की."

"तुमचं सगळं सांगून झालंय, म्हणूनच." माझा आवाज चढला होता. ते निमूट गेले, वही घेऊन.

पडदा ओढला आणि जे मघाशीच करायचं होतं ते केलं. कानशिलं बघितली, खड्डा पडायला लागला होता. गळ्याची हाडं पदराआड लपली होती, आता वर आलेली दिसली. दंडाच्या मागची कातडी चिमटीत धरली. "काकू, अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर दाबा बघू." तसं दाबलं की तिथला स्नायू टपोरा वर यायला हवा, त्यांचा आलाच नाही, तळवा सपाट राहिला. मांडीचा गुडघ्याजवळचा भागही गेलेला. मग घोट्याच्या वर अंगठा दाबून पाच आकडे मोजले आणि उचलला. खळगा तसाच राहिला. या फॉर्मच्या हिशेबात चरबी आणि सूज यांपेक्षा स्नायूंना मान जास्त. स्नायूंची झीज मध्यम, गुण दोन. आणि मघाशी मी तिथे शून्य लिहिलं होतं!

मग मी कोरा फॉर्म काढला, पेन काकूंच्या हातात दिलं आणि जीभ दाताखाली धरून गप्प बसले.

त्यांनी चष्मा पर्समधून काढला, म्हणजे त्यांच्याकडे चष्मा होता! कागद वाचला. दाराकडे बघितलं. मग हळू आवाजात म्हणाल्या, "हे त्यांना दाखवणार का गं?"

"आधी भरा तर."

पहिली खूण झाली भूक लागत नाही याच्यापुढे. तीन गुण. मग मळमळ, एक. तोंडात फोड, दोन. मी टॉर्च घेऊन बघितलं, गालांच्या आत आणि जिभेच्या कडेला लाललाल चट्टे. चव बदलली, एक. वासाचा त्रास, एक. थकवा, एक. प्रत्येक खुणेगणिक मी आणखी पुढे वाकत होते आणि खोटं कशाला सांगू, त्यात भीतीपेक्षा उत्साह जास्त होता. दडून बसलेलं काहीतरी एकेक पाऊल बाहेर येत होतं. खाण्याच्या चौकटीत त्यांनी 'घन अन्न अगदी थोडं' यापुढे खूण केली, दोन. हालचालीत 'बरीचशी कामं होत नाहीत, पण अर्ध्या दिवसापेक्षा कमी वेळ पडून', दोन.

"मग भाकरी कुठे जाते काकू? वहीत तर रोज आहे."

काकू हसल्या आणि हसतानाच त्यांचे डोळे भरले. "शेजारच्या अक्काकडे. हे अंघोळीला गेले की बाल्कनीतून देते. ती बदल्यात वाटीभर गंजी देते, तांदळाची पेज. तेवढीच उतरते घशाखाली. ताक हे फ्रिजमधून काढून देतात, पण ते सलाइन घेतल्यावर थंड घोट घशाला टोचतो. ते कुंडीत ओतते."

"पण सांगायचं ना त्यांना!"

"काय सांगू? अडतीस वर्षांत ह्यांनी चहासुद्धा केला नव्हता. आता सकाळी उठून पीठ मळतात. हाताला चटके बसले तरी गाणं म्हणतात. मी घास घेतला की माझ्या तोंडाकडे बघत बसतात. आणि मी म्हणू, गिळत नाही म्हणून?"

मला राग आला, त्यांचा नाही, माझा स्वतःचा. पलीकडच्या खोलीत डॉक्टरांच्या कागदावर काकांच्या तोंडून आलेलं 'काही त्रास नाही' लिहिलं गेलं होतं आणि तासाभरात पूर्ण मात्रेचं औषध चढणार होतं. आधीच्या औषधाचे फोड तोंडात तसेच असताना, पोटात वाटीभर गंजी असताना.

"काकू, औषध तुमच्या अंगात जाणार आहे, त्यांच्या वहीत नाही," मी जरा जोरातच बोलले.

त्यांनी दोरा गुंडाळलेली अंगठी बोटावर वर सरकवली. "बरं," मग म्हणाल्या, "पण त्यांना मीच सांगते. तू बेरीज कर."

बेरीज करतच मी पळाले, ते सुरुवातीला सांगितलंच.

डॉक्टर माणूस चांगला, पण आकड्यांवर आधी संशय घेणारा. त्यांनी दोन्ही फॉर्म शेजारी शेजारी ठेवले. "तीन की सोळा? वजन तर तेवढंच आहे. एकदा ठरवा मॅडम."

"तीन ही माझी चूक आहे सर," मी म्हटलं. "तो फॉर्म नवऱ्याने भरलाय आणि तपासणी मी केलीच नव्हती. सोळा त्या बाईंचे स्वतःचे. एकूण अंदाज बी. आणि वजन तेवढंच आहे कारण पाय सुजलेत."

एवढं सरळ कबूल केलेलं त्यांनी बहुधा पहिल्यांदाच ऐकलं असावं. ते उठले. दोघांना आत बोलावलं, काकूंच्या घोट्यावर स्वतः अंगठा दाबला, तोंड उघडायला लावलं आणि "सरी", कन्नडमधलं 'ठीक', एवढंच म्हणाले. तिसरी फेरी आज नाही. पायांच्या शिरांची सोनोग्राफी, रक्ताच्या तपासण्या, फोडांसाठी गुळणी आणि लावायचं औषध, मळमळीची गोळी जेवणाआधी. पुढच्या वेळी मात्रा बघून ठरवू.

काका गोंधळले. "पण साहेब, ही तर सगळं खाते. लिहिलेलं आहे." त्यांनी वही उघडली.

तेव्हा काकू बोलल्या. भाकरी, अक्का, ताक, कुंडी, काहीही न वगळता. काकांनी वहीचं एक पान उलटलं, मग आणखी एक.

"म्हणजे तीन आठवड्यांची माझी वही खोटी?"

"वही खरी आहे," काकू म्हणाल्या. "तुम्ही वाढलेलं लिहिलंत. खाल्लेलं मी लिहायला हवं होतं."

पस्तीस वर्षं माल तपासलेल्या त्या माणसाने वही मिटली आणि दोन्ही हातांनी धरून ठेवली. मला त्यांच्याकडे बघवेना, कारण चूक आम्हा दोघांची एकच होती आणि मी तर तपासायचाच पगार घेत होते. पण दोनच मिनिटांनी त्यांनी खिशातलं पेन काढलं. "मॅडम, आता काय करायचं ते सांगा. मोजून करतो."

मग काय, मला चेवच आला! ताटभर नाही, दर दोन तासांनी वाटीभर. गंजीत मुगाची डाळ आणि चमचाभर तूप. अंडं मऊ. दही, पण फ्रिजमधलं नाही. फोडणी देताना स्वयंपाकघराचं दार बंद, काकू बाल्कनीत. वर प्रथिनांची पावडर. आणि मुख्य म्हणजे घास घेताना तोंडाकडे बघत बसायचं नाही. काका सगळं उतरवून घेत होते. गंजी कशी करतात ते मी सांगायला लागले तर म्हणाले, "ते राहू द्या. ते मी अक्कालाच विचारतो. तिचा नमुना पास झालेला आहे." काकू फस्सकन हसल्या.

पायांच्या शिरांत गुठळी निघाली नाही, पण रक्तातलं अल्ब्युमिन नावाचं प्रथिन बरंच कमी आलं. दहा दिवसांनी ती दोघं परत आली. मी पुकारायच्या आधीच काका बाहेरच्या खुर्चीवर बसले, हाताची घडी घालून. "वरचा भाग तिचा," त्यांनी मलाच सांगितलं. वहीत आता दोन रकाने होते आणि दुसऱ्यातलं अक्षर वेगळं होतं.

काट्यावर बावन्न पूर्णांक तीन. वजन घटलं होतं आणि मी आनंदाने टाळी वाजवली! बाहेरचे लोक बघायला लागले. पाणी ओसरलं होतं, घोट्याला खळगा पडत नव्हता. फॉर्मला काय त्याचं, त्याने घटलेल्या वजनाचे दोन आणि पंधरवड्यातल्या उताराचा एक असे तीन गुण ठोकले. स्नायूंचे दोन तसेच, ते काही दहा दिवसांत भरून येत नाहीत. पण खाणं आता साधंच, फक्त प्रमाण कमी, एक. हालचालीचा एक, कॅन्सरचा एक. तक्रारींत भुकेपुढे खूण नाही, फोडांपुढे नाही, चवीपुढे नाही. फक्त थकवा. नऊ झाले. धोक्याच्या रेषेवरच आहोत, पण या वेळी खरे नऊ, तपासून घेतलेले. आत डॉक्टरांनी तिसरी फेरी थोड्या कमी मात्रेने लिहायला घेतली होती.

बेरजेखाली रेघ मारणार, तेवढ्यात तक्रारींच्या चौकटीत अगदी शेवटी मला आणखी काहीतरी दिसलं. तिथे 'इतर' अशी एक मोकळी ओळ असते. दाताचं दुखणं, मनाची उदासी, असलं काही असेल तर लिहायला. नियमाने त्याला एक गुण. त्या ओळीवर काकूंनी बारीक, थरथरत्या अक्षरात मराठीत लिहिलं होतं:

'ह्यांच्या गंजीत मीठ फार.'

मी दार उघडून काकांना आत ओढलंच. फॉर्म त्यांच्या हातात दिला आणि त्या ओळीवर बोट ठेवलं. त्यांनी चष्मा लावून एकदा वाचलं, मग परत एकदा.

"मीठ कळलं हिला?" ते मला विचारत होते. "म्हणजे चव लागली?"

"लागणार नाही?" काकू पदर खोचत म्हणाल्या. "मूठभर घातलंत."

काका तिथल्या स्टुलावर बसले आणि हसत हसत रडायला लागले. त्या ओळीचा गुण मी दिला नाही.